पीएच.डी.चा फॉर्म भरण्याआधी समन्वयकांना एक छोटा ईमेल. पात्रता आणि विद्यावेतनाचं नेमकं काय विचारायचं?

कल्याण : एम.एस्सी. झालं, कंपनीत नोकरी लागली, पण मनात पीएच.डी. आहे, अशी मुलं-मुली मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, भिवंडी या तालुक्यांत आता गावोगाव भेटतात. जाहिरात व्हॉट्सॲपवर येते, शेवटची तारीख दोन दिवसांवर असते, घाईत फॉर्म भरला जातो आणि फी जाते. मग मुलाखतीला गेल्यावर कळतं की टक्के दीडने कमी आहेत, किंवा जागा आहे पण विद्यावेतन नाही. अर्जाची फी सहसा परत मिळत नाही. पण फीपेक्षा जास्त नुकसान होतं ते हातातली नोकरी सोडल्यामुळे. कारण विद्यावेतन मिळेल असं गृहीत धरून राजीनामा दिलेला असतो.

हे टाळायचा सोपा मार्ग म्हणजे अर्जाच्या आधी त्या केंद्राच्या समन्वयकांना एक छोटा ईमेल करणं. कल्याणचं बिर्ला कॉलेज, ठाण्याचं बांदोडकर कॉलेज अशा ठिकाणी मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं संशोधनाचं काम चालतं. प्रत्येक वेळी कलिनापर्यंत जायची गरज नसते. पण कल्याणच्या केंद्रात जाऊन चौकशी करायची म्हटलं तरी मुरबाडच्या माणसाचा एक खाडा होतोच, आणि सर वर्गावर असले तर दुसराही. ईमेलला खाडा लागत नाही, आणि उत्तर लेखी मिळतं.

अडचण अशी की बहुतेक ईमेलना उत्तरच येत नाही. त्याचं कारण बऱ्याचदा ईमेलमध्येच असतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, अंबरनाथ तालुक्यातल्या एका गावातली मुलगी आहे. कल्याणच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, गुण 53.4 टक्के. आगरी समाजातली, म्हणजे इतर मागास प्रवर्ग. बदलापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासणीचं काम करते. तिला उल्हास नदीतल्या जलपर्णीवर संशोधन करायचं आहे. मोहने बंधाऱ्याच्या बाजूला ती हिरवी चादर दरवर्षी पसरलेली तिने लहानपणापासून पाहिली आहे.

तिने आधी लिहिलेला ईमेल असा होता, असं धरू : ‘आदरणीय सर, मी गरीब शेतकरी कुटुंबातील असून मला शिक्षणाची खूप आवड आहे. मला आपल्या कॉलेजात पीएच.डी. करायची आहे. तरी मला ॲडमिशन मिळेल का व स्कॉलरशिप मिळेल का, कृपया मार्गदर्शन करावे ही नम्र विनंती.’ सोबत दहावीपासूनच्या मार्कशीटचे मोबाइलवर काढलेले अकरा फोटो.

यात खोटं काही नाही, पण समन्वयकाला उत्तर देता येईल असंही काही नाही. विषय कोणता, टक्के किती, प्रवर्ग कोणता, नेट झाली का, नोकरी आहे का, हे काहीच कळत नाही. ‘ॲडमिशन मिळेल का’ याचं उत्तर मुलाखतीआधी कोणीही देणार नाही, देऊही नये. ‘स्कॉलरशिप मिळेल का’ याचंही तेच, कारण ती देणारं कार्यालयच बहुधा दुसरं असतं. समन्वयक म्हणजे तास घेणारे, परीक्षेचे पेपर तपासणारे, नॅकची कागदपत्रं जमवणारे शिक्षकच असतात. असा ईमेल त्यांनी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवला की तो खालीच जातो.

म्हणून ईमेल लिहिण्याआधी आपल्या बाबतीत नेमकी शंका कुठे आहे हे आधी शोधायला लागतं. या मुलीच्या बाबतीत ती तीन जागी आहे.

पहिली शंका : 53.4 टक्के चालतील का?

विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम 2022 च्या नोव्हेंबरमध्ये बदलले. त्यानुसार पदव्युत्तर पदवीला 55 टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन क्रिमीलेअरमधले इतर मागास, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकातले उमेदवार यांना 5 टक्क्यांची सूट आहे. म्हणजे त्यांना 50 पुरतात. चार वर्षांची नवी पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तर न करताही थेट अर्ज करता येतो, पण तिथे 75 टक्क्यांची अट आहे आणि सूटही तेवढीच, 5 टक्क्यांची.

म्हणजे मुलगी बसते? बसते, पण एका कागदाच्या जोरावर. तो कागद म्हणजे नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र. जातीचा दाखला वेगळा आणि हे प्रमाणपत्र वेगळं, हे बऱ्याच जणांना फॉर्म भरतानाच कळतं. जातीचा दाखला एकदा काढला की काढला. नॉन क्रिमीलेअरला मुदत असते आणि ती संपली की तो कागद असून नसल्यासारखा. ते नसेल तर ही मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाईल, तिथे 55 लागतात आणि तिचे 53.4 आहेत. म्हणजे संशोधनाची कल्पना कितीही चांगली असली तरी अर्ज छाननीतच बाद.

इथे विचारायची गोष्ट ‘मी पात्र आहे का’ ही नाही, ते नियमात लिहिलेलंच आहे. विचारायचं ते असं, की प्रमाणपत्र कोणत्या तारखेला वैध असायला हवं? अर्जाच्या शेवटच्या तारखेला, मुलाखतीच्या दिवशी, की प्रवेशाच्या वेळी? शिवाय राज्याच्या नमुन्यातलं चालेल की केंद्राच्या? हे नमुने वेगवेगळे असतात. राज्याच्या विद्यापीठाला सहसा राज्याचं चालतं, पण नेट परीक्षेला किंवा केंद्राच्या संस्थेला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळतं, अर्ज सेतूतून किंवा ‘आपले सरकार’वरून करायचा, तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे जोडायचे. त्याला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ सुरू केली तर बऱ्याचदा उशीरच होतो.

लग्न झालेल्या मुलींसाठी अजून एक. जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर माहेरच्या नावाने असतात, आधार सासरच्या नावाने झालेलं असतं. फॉर्ममध्ये कोणतं नाव लिहायचं आणि सोबत राजपत्र की विवाह नोंदणीचा दाखला, हेही एका ओळीत विचारून घेतलेलं बरं.

गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी ग्रेड पॉइंट असतील तर विद्यापीठाच्या सूत्राने टक्के काढून दोन्ही आकडे लिहावेत. ‘साधारण 55’ असं लिहू नये. एक टक्क्यावर निकाल फिरतो तिथे ‘साधारण’ चालत नाही.

दुसरी शंका : नोकरी आणि पूर्णवेळ

ती नोकरी करते. नियमानुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण त्याला मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. त्यात कंपनीने लिहून द्यावं लागतं की उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्क पूर्ण करायला कामातून मोकळं केलं जाईल. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असं पत्र मिळतं. कंत्राटी कामगाराला एमआयडीसीतल्या कंपनीने ते द्यावं, ही सोपी गोष्ट नाही. पत्र देणारा कोण, ठेकेदार की कंपनी, इथूनच सुरुवात होते.

आणि अर्धवेळ म्हटलं की विद्यावेतनाचा विषय संपतो. विद्यावेतन पूर्णवेळ संशोधकालाच मिळतं, पगाराची नोकरी चालू ठेवून ते घेता येत नाही. चालू ठेवून घेतलं आणि उघड झालं तर वसुली होते. त्यामुळे दोन वाटा उरतात : पगार ठेवून अर्धवेळ, किंवा नोकरी सोडून विद्यावेतनावर पूर्णवेळ. तिसरी वाट, म्हणजे नोकरी सोडून विद्यावेतनाशिवाय पूर्णवेळ, बरेच जण नकळत धरतात. नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं धरलेली आहेत. पुनर्नोंदणी करून दोन वर्षं वाढतात आणि महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. तीन वर्षं तरी बिनपगारी काढता येतील का, हा हिशेब घरात बसून करायचा असतो. ईमेलमधून मिळते ती त्या हिशेबाला लागणारी माहिती.

तिसरी शंका : पैसे कुठून येतात?

गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

पीएच.डी.चे पैसे कॉलेज देत नाही. ते साधारण तीन दारांतून येतात. पहिलं दार म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती, जिला सगळे जेआरएफ म्हणतात. वनस्पतिशास्त्रासाठी ती सीएसआयआर-यूजीसी नेट, जीवशास्त्र हा पेपर. जानेवारी 2023 पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना 37 हजार आणि पुढे महिना 42 हजार रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. दोन वर्षांचे 8 लाख 88 हजार आणि पुढच्या तीन वर्षांचे 15 लाख 12 हजार धरले तर पाच वर्षांत बरोबर 24 लाख होतात. त्यात घरभाडे नाही. एका परीक्षेवर एवढा फरक पडतो. राज्याची सेट परीक्षा मात्र वेगळी. ती पास झाली तर प्राध्यापकीची पात्रता मिळते, विद्यावेतन मिळत नाही. ‘सेट झालंय म्हणजे पैसे मिळतील’ हा गैरसमज अजून टिकून आहे.

2024 पासून नेटच्या निकालात एक नवा गटही आला : फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. या गटात आलेल्याला त्या गुणांवर प्रवेशासाठी अर्ज करता येतो, ते गुण एक वर्ष चालतात, आणि प्रवेशात नेटला 70 टक्के व मुलाखतीला 30 टक्के वजन असतं. पण या गटाला जेआरएफचे पैसे नाहीत. निकालपत्रावर आपण कोणत्या गटात आहोत ते नीट वाचून ईमेलमध्ये तसंच लिहायचं. नुसतं ‘नेट क्वालिफाइड’ लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही.

दुसरं दार राज्याच्या संस्थांचं. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, विमुक्त भटके आणि विशेष मागास यांच्यासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी उमेदवारांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन संस्था. या आपल्या आपल्या जाहिराती काढतात, जागा मर्यादित असतात, अटी वर्षागणिक बदलतात. आपल्या उदाहरणातली मुलगी महाज्योतीकडे जाईल. कुणबी दाखला असलेल्यांनी सारथीची जाहिरात आधी पाहावी.

इथे कळीचा मुद्दा असा आहे : या संस्था ‘पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यां’ना पैसे देत नाहीत, तर पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांना देतात. म्हणजे आधी प्रवेश, मग विद्यापीठाच्या समितीपुढे विषयाची मंजुरी, मग नोंदणीचं पत्र, आणि ते पत्र हातात असलं तर संस्थेचा फॉर्म. प्रवेश आणि नोंदणीचं पत्र यात काही महिने जाऊ शकतात. तोपर्यंत त्या वर्षीची जाहिरात येऊन गेली, तर पुढच्या जाहिरातीची वाट बघावी लागते. त्या काळात विद्यावेतन नाही. नोंदणीच्या तारखेपासून पैसे मिळावेत म्हणून संशोधक विद्यार्थी मुंबईत आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसले होते, ते याच तारखेपायी.

त्यामुळे समन्वयकाला ‘महाज्योती मिळेल का’ विचारून उपयोग नाही, ते त्यांच्या हातात नाही. त्यांच्या हातात काय आहे? मागच्या खेपेला प्रवेश ते नोंदणी पत्र यात किती वेळ गेला, हे ते नक्की सांगू शकतात. हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि खरं तर नोकरीचा राजीनामा कधी द्यायचा हे याच उत्तरावर ठरतं.

तिसरं दार प्रकल्पाचं. एखाद्या प्राध्यापकाला सरकारी खात्याकडून संशोधन प्रकल्प मिळालेला असतो, त्यात एखादी मानधनाची जागा असते. ती जागा मिळाली आणि त्याच विषयावर पीएच.डी. करता आली तर उत्तम. पण प्रकल्प संपला की मानधन संपतं, पीएच.डी. मात्र अर्धी राहिलेली असू शकते. म्हणून प्रकल्प आहे का एवढंच नाही, तर तो कधी संपतो हेही विचारायचं.

एक राहिलं, मार्गदर्शकाची जागा. नियमांनी मर्यादा घातलेली आहे : प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे केंद्र मोठं, नाव मोठं, पण त्या वर्षी एकही जागा रिकामी नाही असं सहज होतं. जागा आहे की नाही हे आधी कळलं तर बाकीचे प्रश्न विचारायचीही गरज राहत नाही.

मग ईमेल कसा?

वरचं सगळं डोक्यात ठेवून लिहिलेला ईमेल उलट छोटाच होतो. असा :

> विषय : पीएच.डी. वनस्पतिशास्त्र, अर्जापूर्वी पात्रता व विद्यावेतनाबाबत चार प्रश्न
>
> माननीय समन्वयक, सादर नमस्कार.
>
> मी एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र (मुंबई विद्यापीठ), 53.4 टक्के. प्रवर्ग इतर मागास. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत संपली असून नूतनीकरणाचा अर्ज केला आहे. नेट झालेली नाही, प्रवेश परीक्षा देणार आहे. सध्या बदलापूर येथे खासगी प्रयोगशाळेत नोकरीस आहे, पूर्णवेळ प्रवेश घेण्याचा विचार आहे. विषयाची आवड : उल्हास नदीतील जलपर्णी.
>
> आपली जाहिरात वाचली. त्यात न सापडलेल्या चार गोष्टी विचारत आहे :
>
> 1. यंदा जलवनस्पती किंवा परिसंस्था या विषयातील मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का?
>
> 2. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र कोणत्या तारखेस वैध असणे आवश्यक आहे?
>
> 3. मागील खेपेस प्रवेशानंतर नोंदणीचे पत्र मिळण्यास साधारण किती महिने लागले?
>
> 4. केंद्रात मानधनाची जागा असलेला प्रकल्प सध्या चालू आहे का, असल्यास कधीपर्यंत?
>
> आपणास सोयीचे असेल तर प्रश्नाच्या क्रमांकापुढे एका शब्दात उत्तर दिले तरी चालेल.
>
> आपली नम्र,
> (पूर्ण नाव, गाव, तालुका, मोबाइल क्रमांक)

एवढंच. मोबाइलच्या एका-दीड स्क्रीनमध्ये मावतं. गरिबी, आवड, जिद्द यातलं काही नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. ते मुलाखतीत बोलता येतं. समन्वयकाला चालत्या लोकलमध्ये उभ्याने वाचूनही ‘1 हो, 2 प्रवेशाच्या दिवशी, 3 चार महिने, 4 नाही’ असं लिहून पाठवता येईल असा हा ईमेल आहे.

विषयाच्या ओळीत ‘विनंती’ किंवा ‘अर्जंट’ लिहू नये, ओळ रिकामीही सोडू नये. अभ्यासक्रमाचं नाव आणि ‘अर्जापूर्वी’ हा शब्द असला की समोरच्याला लगेच समजतं. मुंबई विद्यापीठ आणि त्याची कॉलेजं यांना मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. बाहेरच्या राज्यातली किंवा केंद्राची संस्था असेल तर इंग्रजीत, पण क्रम हाच.

प्रमाणपत्रं, फोटो, आधार कार्ड, पासबुक यातलं काहीही पहिल्या ईमेलला जोडायचं नाही. मागितलं तर एकच पीडीएफ. स्वतःचा ईमेल पत्ताही एकदा बघून घ्यावा. कॉलेजात असताना गंमत म्हणून घेतलेल्या ‘किंग’, ‘भाई’ छापाच्या पत्त्यावरून पीएच.डी.ची चौकशी गेली की समोरचा आधी हसतो आणि मग वाचतो, वाचलं तर. नावाचा साधा पत्ता काढायला पाच मिनिटं लागतात.

चाळीस केंद्रांना एकाच वेळी एकच ईमेल पाठवण्याचा मोह होतो. मार्गदर्शकांना तो लगेच ओळखू येतो, विशेषतः ‘आपल्या नामांकित संस्थेत’ असं मोघम लिहिलेलं असेल तर. तीन-चार केंद्रं निवडून प्रत्येकाला वेगळा, विषयाला धरून लिहिलेला ईमेल जास्त उपयोगी.

कोणाला, कधी आणि उत्तर आलं नाही तर

पत्ता संस्थेच्या वेबसाइटवरूनच घ्यायचा. शिक्षण संस्थांचे पत्ते बहुधा `.ac.in` किंवा `.edu.in` ने संपतात. काही कॉलेजं साधं जीमेलही वापरतात, पण तो पत्ता त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवर छापलेला असायला हवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पोस्टमधला पत्ता नको. ‘पीएच.डी. खात्रीने, पेपरसकट’ म्हणणारे एजंट ठाणे-कल्याणच्या भिंतींवर आणि फेसबुकवर दोन्हीकडे आहेत. चौकशीच्या ईमेलला उत्तर देताना कोणी यूपीआयवर पैसे मागितले तर तो समन्वयक नाही, हे धरून चालावं. अधिकृत फी संस्थेच्या किंवा विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायची असते आणि तिची पावती मिळते.

ईमेल जाहिरातीच्या शेवटच्या तारखेआधी निदान दोन-तीन आठवडे जायला हवा. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, तेव्हाचा ईमेल सुट्टीनंतरच्या ढिगात सापडतो. आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली ‘रिप्लाय’ करून दोन ओळींची आठवण पाठवावी, म्हणजे आधीचे प्रश्न खाली दिसतात. नवा ईमेल सुरू करू नये. त्यानंतरही शांतता असेल तर कॉलेजच्या कार्यालयात फोन करून ‘अमुक तारखेला ईमेल केलाय’ असं सांगावं, आणि मगच प्रत्यक्ष जावं. समन्वयकांच्या खासगी नंबरवर रात्री मेसेज टाकल्याने काम होत नाही, उलट बिघडतं.

उत्तर आलं, आता वाचायचं कसं?

समजा तिला उत्तर आलं : ‘एक जागा आहे. प्रमाणपत्र प्रवेशाच्या दिवशी वैध हवे. नोंदणीस मागील वर्षी पाच महिने लागले. प्रकल्प चालू नाही. विद्यावेतन नियमानुसार.’

शेवटच्या दोन शब्दांवर बरेच जण खूश होतात. ‘नियमानुसार’ म्हणजे मिळेल असं नाही. ज्याला जेआरएफ किंवा एखाद्या संस्थेची छात्रवृत्ती मिळालेली आहे त्याला ती नियमाने मिळत राहील, एवढाच त्याचा अर्थ. ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्दही त्याच जातीचा. लेखी आकडा आणि देणाऱ्या संस्थेचं नाव नसेल तर ते विद्यावेतन धरायचं नाही.

बाकीचं उत्तर मात्र तिच्या फार कामाचं आहे. प्रमाणपत्र प्रवेशाच्या दिवशी हवं, म्हणजे अर्ज भरायला ते हातात नसलं तरी चालेल असं दिसतं. पण ऑनलाइन फॉर्म कधी कधी प्रमाणपत्राचा क्रमांक टाकल्याशिवाय पुढेच जात नाही, म्हणून नूतनीकरणाची पावती जोडलेली चालेल का, हा एक प्रश्न तिने त्याच साखळीत विचारावा. हे उत्तर जपून ठेवावं, पुढे छाननीत कोणी अडवलं तर दाखवायला लेखी काहीतरी असतं. अंतिम शब्द मात्र जाहिरातीचा आणि विद्यापीठाच्या नियमांचा. समन्वयकांचा ईमेल त्याला डावलू शकत नाही.

आणि पाच महिने. प्रवेशानंतर पाच महिने नोंदणीला, त्यानंतर महाज्योतीची जाहिरात येईपर्यंतचा काळ, मग निवड, मग पहिला हप्ता. याचा अर्थ नोकरी सोडल्यापासून पहिला पैसा हातात येईपर्यंत वर्ष उलटू शकतं, आणि निवड झाली नाही तर पैसा येणारच नाही. हे कळल्यावर तिच्यापुढे दोन पर्याय उरतात. एक, यंदा अर्ज थांबवून सीएसआयआर नेटचा अभ्यास करायचा आणि जेआरएफ हातात घेऊनच प्रवेश घ्यायचा. नोकरी तोवर चालू राहते. दोन, कंपनीकडे ना-हरकत पत्राचं विचारून बघायचं आणि मिळालं तर अर्धवेळ नोंदणी करायची, विद्यावेतनावर पाणी सोडून. मार्गदर्शकाकडे एकच जागा आहे आणि ती पुढच्या वर्षी राहील याची खात्री नाही, ही पहिल्या पर्यायातली जोखीम. पगार चालू ठेवून आठवड्याला नदीवर जाऊन नमुने गोळा करणं किती जमेल, ही दुसऱ्यातली.

यातलं काय निवडायचं ते ती आणि तिच्या घरचे ठरवतील. समन्वयकांना मात्र एका ओळीत ‘उत्तर मिळाले, आभारी आहे, यंदा अर्ज करत आहे’ किंवा ‘करत नाही’ असं कळवून ठेवावं. पुढच्या वर्षी जागा निघाली तर कळवावं असं कोणाचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं असेल, तर ते बहुधा असं कळवणाऱ्याचंच राहतं.